मोलच्या गणितात चूक कुठे लपते आणि ती कशी पकडायची

अकरावीच्या एका टेस्टला मला गणित आलं होतं, 80 ग्रॅम Fe2O3 पासून किती लोखंड मिळेल, रिअ‍ॅक्शनही दिलेली होती, Fe2O3 + 3CO → 2Fe + 3CO2, आणि मी 14 ग्रॅम लिहून आलो. वेळ उरला होता म्हणून दोनदा चेकही केलं, पण चेक म्हणजे काय तर तेच गुणाकार भागाकार परत केले, आकडे मुळात बरोबर घेतलेत का ते बघितलंच नाही. आता ज्युनियर मुलांच्या वह्या बघतो तेव्हा आधी तेच बघतो.

पहिलं मोलर मास. Fe चं 56, O चं 16, म्हणजे 2×56 + 3×16 = 160, आणि 80 ग्रॅम म्हणजे 0.5 मोल. इथे दोन चुका सारख्या दिसतात. एक म्हणजे ऑक्सिजनखालचा 3 विसरून 112 + 16 = 128 करणं. दुसरी, समीकरणात 2Fe लिहिलंय म्हणून लोखंडाचं मोलर मासच 112 घेणं. तो पुढचा 2 रेशोसाठी असतो, मोलर मासमध्ये तो घ्यायचाच नाही, नाहीतर तो दोनदा मोजला जातो आणि उत्तर 112 ग्रॅम येतं, 80 ग्रॅम ऑक्साइडमधून 112 ग्रॅम लोखंड निघेल का, ही चूक तिथेच दिसते.

मग रेशो. माझं चुकलं ते इथेच, 0.5 ला 2 ने गुणायच्या ऐवजी भागलं. तेव्हापासून मी नुसतं 0.5 मोल लिहीत नाही, 0.5 मोल Fe2O3 असं नावासकट लिहितो, आणि रेशोमध्ये जे काढायचंय ते वर, जे दिलंय ते खाली. 0.5 × 2/1 = 1 मोल Fe, म्हणजे 56 ग्रॅम.

आता खरा चेक, हा वेगळ्या वाटेने करायचा. 160 मध्ये लोखंड 112, म्हणजे 70 टक्के, आणि 80 चे 70 टक्के 56च. 128 वाल्याचं उत्तर 70 ग्रॅम येतं, ते 80 पेक्षा कमी असल्यामुळे नुसतं बघून ठीक वाटतं, पण टक्केवारीत लगेच सापडतं, माझे 14 पण सापडले असते. फक्त टक्केवारी काढताना मोलर मास आधीच्या ओळीतून उतरवू नका हं, फॉर्म्युला बघून नव्याने काढा, नाहीतर 128 च परत येईल.

CO2 विचारला असेल तर हा चेक चालत नाही कारण कार्बन CO मधून येतो, तिथे दोन्ही बाजूंचं वजन जुळवायचं: 80 ग्रॅम Fe2O3 आणि 1.5 मोल CO चे 42, एकूण 122, समोर 56 आणि 1.5 मोल CO2 चे 66, एकूण 122. पण गणितात Fe2O3 80 टक्केच शुद्ध आहे असं दिलं असेल आणि ते वाचायचं राहिलं तर दोन्ही चेक जुळतात आणि उत्तर तरी चूकच, म्हणून प्रश्नातला प्रत्येक आकडा वापरला का ते एकदा बोट ठेवून बघतो.