आर ०.९९८ आला, पण कर्व्ह सरळ आहे का?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लॅबमध्ये क्यूसीला नवीन लागलात की कॅलिब्रेशन कर्व्हबद्दल एकच प्रश्न येतो: आर, म्हणजे कोरिलेशन कोइफिशंट, किती? ०.९९८ सांगितलं की सही होते. माझा या आकड्यावर काडीचाही विश्वास नाही. का, ते पॅरासिटामॉलवर दाखवते.

०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, २५७ नॅनोमीटरला, १ सेंमी सेलमध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं द्रावण साधारण ०.७१५ अब्सॉर्बन्स दाखवतं. म्हणजे ३० ला २.१४५ यायला हवं. आता उपकरणात, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, अर्धा टक्का स्ट्रे लाइट आहे असं धरा. हा भलत्याच तरंगलांबीचा उजेड. द्रावण तो अडवत नाही, डिटेक्टर मात्र मोजतो. मग ५, १०, २० आणि ३० ला रीडिंग येतात ०.३५५, ०.७०६, १.३७७ आणि १.९१७. पातळ द्रावणातून एवढा उजेड आरपार जातो की अर्ध्या टक्क्याने फरक पडत नाही. ३० मधून मुळात जेमतेम ०.७ टक्के उजेड बाहेर येतो, त्यात ही अर्ध्याची भर.

या चार बिंदूंतून रेषा काढा. आर ०.९९८ येतो. उतार ०.०६२७, इंटरसेप्ट ०.०७०. याच रेषेवर ०.३५५ चं उत्तर काढलंत तर ५ ऐवजी ४.५५ मिळतं, तब्बल ९ टक्के कमी! गुन्हा गडद द्रावणाचा, शिक्षा पातळ द्रावणाला. म्हणून प्रत्येक बिंदूचं रीडिंग वजा रेषेवरची किंमत लिहून काढाच. इथे चिन्हं येतात उणे, अधिक, अधिक, उणे. टोकं खाली, मधले वर: रेषा वाकली आहे. पिपेटिंगची चूक अशी शिस्तीत येत नाही.

घाबरू नका, सहसा वरचे बिंदू काढून रीडिंग १ च्या आत ठेवलंत की काम भागतं. "जास्त पॉइंट घे, आर सुधारतो" असं सांगणाऱ्या सीनियरचं मात्र ऐकू नका.

दोष उपकरणाचा की द्रावणाचा, हे बघायला २ मिमीचा सेल मिळवा. तेच ३० चं द्रावण त्यात वाचा आणि ५ ने गुणा. २.१३ च्या आसपास आलं तर द्रावण ठीक, उपकरण दोषी. १.९ च आलं तर रेणू एकमेकांना चिकटताहेत किंवा डायल्यूशन चुकलंय.

आणि स्ट्रे लाइटसाठीची पोटॅशियम क्लोराइडची चाचणी पास आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लिटरला १२ ग्रॅमचं द्रावण, १९८ नॅनोमीटर, पाण्याविरुद्ध २ च्या वर रीडिंग, एवढीच तिची अट. २ म्हणजे १ टक्का उजेड आरपार. त्या तरंगलांबीलाही अर्धाच टक्का स्ट्रे लाइट असेल तर आपलं हे उपकरण २.३ दाखवून आरामात पास होईल.