कॉलेज सुरू होण्याआधी प्रवेश रद्द करताना

अभियांत्रिकीचा कॅपमधून घेतलेला प्रवेश नको असल्यास कॉलेजला नुसता फोन वा ईमेल करणे पुरेसे नसते.

१. माहितीपुस्तिकेतील प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख पाहून, तिच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन अर्ज करावा.
२. त्याची प्रत विद्यार्थी व पालक यांच्या सह्यांनिशी कॉलेजात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी; पुढे वाद झाल्यास हीच कामी येते.
३. त्याच वेळी शुल्काची पावती व बँकतपशील जोडून परतावा आणि मूळ कागदपत्रे मागावीत.

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी एआयसीटीईच्या नियमानुसार जास्तीत जास्त १,००० रुपये कापता येतात, म्हणजे २०,००० भरले असल्यास किमान १९,००० मिळायला हवेत.

मात्र दुसरी जागा पक्की होण्याआधी अर्ज करू नये.