दूरच्या कॉम्प्युटरवर काम: बघायचं, हाताळायचं की टाइप करायचं?

समजा, बाबांचा प्रिंटर अडलाय आणि तुम्ही दुसऱ्या शहरात आहात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्क्रीन शेअर केली, तर तुम्हाला त्यांचा पडदा फक्त दिसतो. माउस त्यांच्याच हातात राहतो, तुम्ही सांगायचं, त्यांनी दाबायचं. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

रिमोट डेस्कटॉपमध्ये माउस-कीबोर्ड तुमचे होतात. पण विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने शिरलात, की बाबांसमोरचा पडदा लॉक होतो आणि ते घाबरून फोन करतात. शिवाय त्यांच्याकडे विंडोज होम असेल, तर असं शिरताच येत नाही. दोघांनी मिळून बघायचं असेल, तर विंडोजचंच Quick Assist उघडा: तुम्ही दिलेला कोड ते टाकतात, नियंत्रणाची परवानगीही तेच देतात. अनोळखी माणसाने फोनवर दिलेला कोड मात्र कधीच टाकू नये.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चित्र नसतं, नुसती अक्षरं. म्हणून मंद नेटवरही ते चालतं. लिनक्सवर, घरच्याच वायफायवरून:

```
ssh baba@192.168.1.20
lpstat -p
```

पहिली ओळ तुम्हाला बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये नेते. तेव्हा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा. दुसरी ओळ प्रिंटरची छपाईची रांग चालू आहे की थांबवलेली, ते सांगते.