वजा दोनने भागले आणि संख्यारेषेची उलटी बाजू रंगवली

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत एक उदाहरण होते: 5 − 2x ≥ 11 ही असमानता सोडवा आणि तिचा उकल संच संख्यारेषेवर दाखवा. मी दोन्ही बाजूंतून 5 वजा केले, तेव्हा −2x ≥ 6 मिळाले. मग दोन्ही बाजूंना −2 ने भागले आणि x ≥ −3 असे लिहिले. −3 वर भरीव ठिपका काढून त्याच्या उजवीकडची रेषा पेन्सिलीने ठळक केली. ही आकृती नीटनेटकी आणि पूर्णपणे चुकीची होती, कारण खरे उत्तर x ≤ −3 आहे.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की मी ताळा करून पाहिला होता. समीकरणांच्या सवयीने मी x = −3 ही किंमत डाव्या बाजूत घातली, 5 + 6 = 11 आले, उजवीकडेही 11 होते, आणि मी निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळलो. पेपर परत मिळाल्यावर मी सरांना हा ताळा दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, पण शून्य घालून बघितलंस का?" माझ्या उत्तरानुसार शून्य उकल संचात येते, कारण ते −3 पेक्षा मोठे आहे. मूळ असमानतेत ते घातले, की 5 ≥ 11 असे विधान मिळते. तिथेच माझी वकिली संपली.

माझा ताळा चुकीच्या जागी झाला होता, हे त्या दिवशी कळले. −3 ही सीमेवरची संख्या आहे आणि तिथे दोन्ही बाजू समान होतात. चिन्ह ≥ असो वा ≤, ती संख्या दोन्हीकडे चालते. म्हणूनच चिन्ह उलटवायला विसरल्याची चूक सीमेवरच्या ताळ्यातून कधीच उघड होत नाही. बरोबर उत्तर x ≤ −3 आणि माझे उत्तर x ≥ −3 या दोन संचांत सामाईक असलेली एकमेव संख्या मी ताळ्यासाठी निवडली होती. असमानतेचा ताळा करायचा तर सीमेपासून दूर असलेली, हिशेबाला सोपी संख्या घ्यावी लागते. सीमा स्वतः शून्यावर नसेल तर शून्याइतकी सोयीची संख्या दुसरी नाही.

चिन्ह का उलटते, हेही तेव्हाच समजून घेतले, कारण केवळ नियम म्हणून पाठ केलेली गोष्ट घाईत सर्वांत आधी निसटते. 2 < 5 हे सर्वांना मान्य आहे. दोन्ही संख्यांना −1 ने गुणले, की −2 आणि −5 मिळतात, आणि संख्यारेषेवर −5 अधिक डावीकडे असते. ऋण संख्येने गुणणे म्हणजे संख्यारेषा शून्याभोवती उलटी फिरवणे आहे. त्यामुळे जी संख्या उजवीकडे होती ती डावीकडे जाते. समीकरणात हे जाणवत नाही, कारण दोन समान संख्या उलट्या फिरवल्या तरी समानच राहतात. आणि आठवी-नववीपासून आपला हात समीकरणांवरच बसलेला असतो.

ज्यांना हा नियम खटकतो त्यांनी तेच उदाहरण ऋण संख्येने न भागता सोडवून पाहावे. 5 − 2x ≥ 11 मध्ये दोन्ही बाजूंत 2x मिळवले तर 5 ≥ 11 + 2x होते, मग 11 वजा केल्यावर −6 ≥ 2x आणि धन 2 ने भागल्यावर −3 ≥ x. कुठेही चिन्ह उलटवले नाही, तरी x हा −3 पेक्षा लहान किंवा तेवढाच निघाला. मी अनेक महिने याच रीतीने उदाहरणे सोडवली. तिच्यातही एक खाच आहे: −3 ≥ x हे उलट्या क्रमाने लिहिताना चिन्हाचे उघडे तोंड −3 कडेच राहिले पाहिजे, म्हणजे x ≤ −3. घाईत x ≥ −3 लिहिले, की पुन्हा जुनीच चूक वेगळ्या दाराने आत येते.

वजाचे चिन्ह डोळ्यांसमोर असते तोवर हे सगळे सोपे आहे. अडचण येते ती ज्या राशीने गुणतो तिचे चिन्हच माहीत नसते तेव्हा. 3/(x − 2) ≥ 1 हे उदाहरण घ्या. तिरकस गुणाकाराची सवय इथे घात करते: छेदाने गुणले, 3 ≥ x − 2 मिळाले, म्हणजे x ≤ 5, असे लिहून आपण मोकळे होतो. पण x जर 2 पेक्षा लहान असेल तर x − 2 ऋण असते, आणि आपण नकळत ऋण संख्येने गुणलेले असते. म्हणून दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. x > 2 असताना चिन्ह तेच राहते आणि x ≤ 5 मिळते, म्हणजे 2 < x ≤ 5. x < 2 असताना चिन्ह उलटते, 3 ≤ x − 2 होते, त्यातून x ≥ 5 निघते. पण x एकाच वेळी 2 पेक्षा लहान आणि 5 पेक्षा मोठा किंवा तेवढाच असू शकत नाही, त्यामुळे या बाजूने काहीच मिळत नाही. x = 2 असताना छेद शून्य होतो, म्हणून ती किंमत वगळलेलीच असते. उत्तर 2 < x ≤ 5 एवढेच आहे.

या उदाहरणात x ≤ 5 हे उत्तर अर्धवट बरोबर आहे, म्हणून ते अधिक फसवे आहे. ताळ्यासाठी 4 घेतले तर 1.5 ≥ 1 हे खरे ठरते आणि चूक झाकली जाते. शून्य घेतले तर −1.5 ≥ 1 असे खोटे विधान येते. त्यामुळे छेदात चल असेल तेव्हा एका संख्येचा ताळा पुरत नाही. 2 आणि 5 यांनी संख्यारेषेचे जे तीन भाग होतात, त्या प्रत्येकातून एक संख्या घ्यावी लागते. मी 0, 3 आणि 6 घेतो.

तिसरी जागा मला बारावीत किरणोत्सारिता शिकताना सापडली. मूळ पदार्थ एक टक्क्याहून कमी उरायला किती अर्धायुष्ये लागतील, असा प्रश्न होता, म्हणजे (0.5)^n < 0.01. दोन्ही बाजूंचा लॉगॅरिदम घेतला, की n log 0.5 < log 0.01 मिळते, आणि आता log 0.5 ने भागायचे असते. log 0.5 ही किंमत −0.3010 आहे, पण कागदावर 'log 0.5' असे लिहिलेले असताना त्यात वजा कुठेच दिसत नाही. लॉग टेबलवरून काढतानाही आपण पूर्णांकावर आडवी रेघ देऊन 1̄.6990 लिहितो, आणि ती रेघ म्हणजेच वजा आहे हे भागाकाराच्या गडबडीत ध्यानात राहत नाही. चिन्ह तसेच ठेवले तर n < 6.64 येते, म्हणजे एका अर्धायुष्यानंतरच एक टक्क्याहून कमी पदार्थ उरतो असे म्हणावे लागते, आणि प्रत्यक्षात तेव्हा निम्मा शिल्लक असतो. चिन्ह उलटवले की n > 6.64 मिळते. सहा अर्धायुष्यांनंतर सुमारे 1.56 टक्के आणि सात अर्धायुष्यांनंतर सुमारे 0.78 टक्के पदार्थ उरतो, म्हणून पूर्ण अर्धायुष्यांत उत्तर सात. तेव्हापासून एकपेक्षा लहान संख्येचा लॉग भागाकारात आला, की त्याची किंमत वजा चिन्हासह समासात लिहून घेतल्याशिवाय मी पुढची पायरी लिहीत नाही.