संथ पाण्यातील वेग काढताना मी कोठे चुकत होतो

स्पर्धा परीक्षेच्या तयारीच्या सुरुवातीच्या काळात बोट आणि प्रवाह या प्रकरणातील सूत्रे मला पाठ होती, तरीही उत्तरे मात्र थोड्या फरकाने चुकत असत. ज्या उदाहरणामुळे ही चूक माझ्या लक्षात आली, ते असे होते : एक बोट प्रवाहाच्या दिशेने 18 किमी अंतर 1 तास 12 मिनिटांत जाते आणि तेच अंतर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने परत येण्यास तिला 2 तास लागतात, तर तिचा संथ पाण्यातील वेग किती?

पहिली अडचण मिनिटांची होती. 1 तास 12 मिनिटे म्हणजे 1.12 तास नव्हे. 12 मिनिटे हा तासाचा पाचवा भाग असल्याने ती वेळ 1.2 तास होते. त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने वेग 18 ÷ 1.2, म्हणजे ताशी 15 किमी, आणि विरुद्ध दिशेने 18 ÷ 2, म्हणजे ताशी 9 किमी येतो.

येथपर्यंत बरोबर आल्यावर मी एकूण अंतर 36 किमी भागिले एकूण वेळ 3.2 तास असे करून 11.25 हे उत्तर लिहिले, आणि ते पर्यायांत दिलेलेही होते. ती संख्या खोटी नव्हती, पण ती संपूर्ण फेरीचा सरासरी वेग होती. बोट विरुद्ध दिशेने अधिक वेळ पाण्यात असते, त्यामुळे कमी वेगाचे वजन वाढते आणि ही सरासरी नेहमी खालीच राहते. दोन वेळांची सरासरी काढून तिने 18 ला भागले, तरी हेच 11.25 येते, म्हणून दोन वेगळ्या रीतींनी तेच उत्तर आले एवढ्यावर मी निर्धास्त झालो होतो.

प्रवाह जाताना जेवढा वेग वाढवतो, तेवढाच येताना घटवतो. म्हणून संथ पाण्यातील वेग 15 आणि 9 यांच्या बरोबर मध्यावर असला पाहिजे : (15 + 9) ÷ 2, म्हणजे ताशी 12 किमी. प्रवाहाचा वेग (15 − 9) ÷ 2, म्हणजे ताशी 3 किमी. पडताळा याच विचारातून मिळतो. 11.25 खरे मानल्यास जाताना प्रवाहाने 3.75 ची भर घातली आणि येताना केवळ 2.25 ची घट केली असे होते, आणि एकच प्रवाह असे करू शकत नाही.

जाण्याचे आणि येण्याचे अंतर वेगवेगळे दिले असले, तरी रीत बदलत नाही, कारण प्रत्येक वेग आपापल्या अंतरावरून आणि वेळेवरून काढायचा असतो. मात्र दोन्ही वेळी प्रवाहाचा वेग आणि बोटीची स्वतःची गती तीच आहे, हे गृहीत धरलेले असते. परतताना इंजिनाची गती वाढवली असे उदाहरणात म्हटले असेल, तर मध्य काढण्याला काही अर्थ उरत नाही.