नाचणीच्या काड्यांची कॅप्शन लिहिताना या चुका टाळा

मिलेटच्या खाऊची कॅप्शन लिहायला बसलं की हात आपोआप ‘हेल्दी’कडे वळतो. ब्रँडवाल्यांनी आधीच बजावलेलं असतं, आरोग्याचा दावा नको, फक्त चव आणि घटक. मग आपण ‘हेल्दी’ खोडतो, ‘पौष्टिक’ खोडतो आणि समजतो की झालं. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. एकदा नाचणीच्या तिखट काड्यांसाठी मी हे लिहून पाठवलं होतं:

‘संध्याकाळची भूक, पण मनात अपराधीपणा नाही! नाचणीच्या हलक्याफुलक्या काड्या. तळलेल्या नाहीत, मैदा नाही. मुलांना बिनधास्त द्या. 💪 #guiltfree’

यात आरोग्य हा शब्द कुठेच नाही. तरीही ओळ न् ओळ दावाच करतेय. अपराधीपणा नाही म्हणजे वजन वाढणार नाही, हलक्या म्हणजे पचायला सोप्या, बिनधास्त द्या म्हणजे मुलांना बाधणार नाही. दंडाचा इमोजी आणि हॅशटॅग तर सरळच बोलतात. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत आणि इंटरनेटवरची जाहिरातही त्यात धरली जाते. ‘ही तर नुसती पोस्ट आहे’ हा बचाव टिकत नाही.

तेव्हापासून मी एकच चाळणी लावतो. वाक्य खातानाचं आहे की खाल्ल्यानंतरचं? कुरकुरणं, तिखट लागणं, दाताला तीळ लागणं, हे खातानाचं. पोट भरलेलं राहणं, ताकद येणं, साखर न वाढणं, हे नंतरचं. खातानाचं ठेवायचं, नंतरचं काढायचं. अपवाद फक्त जिभेवर रेंगाळणाऱ्या चवीचा, तीही चवच आहे.

चाळणी लावली की दुसरी अडचण समोर येते. वरच्या कॅप्शनमधून नंतरचं सगळं काढलं तर उरतं काय? ‘नाचणीच्या काड्या. तळलेल्या नाहीत, मैदा नाही.’ काड्यांत काय नाही ते कळलं, काय आहे ते नाही. इथे बहुतेक जण रिकामी जागा ‘चविष्ट’, ‘लज्जतदार’, ‘अप्रतिम’ असल्या शब्दांनी भरतात. ते दावे नाहीत, पण वडापावपासून श्रीखंडापर्यंत कशालाही चिकटतात, म्हणजे या काड्यांबद्दल काहीच सांगत नाहीत.

यावर उपाय म्हणजे पाकीट फोडून बसणं. मी घटकांची यादी समोर ठेवतो आणि एकेक काडी सावकाश खात काय आधी लागलं, काय मागून आलं ते लिहून काढतो. त्या काड्यांची यादी अशी होती: तांदळाचं पीठ 40 टक्के, नाचणीचं पीठ 32, शेंगदाणा तेल 14, हरभरा डाळीचं पीठ 8, तीळ 3, आणि उरलेल्या 3 टक्क्यांत लाल तिखट, लसूण, मीठ, ओवा. सगळं मळून, काड्या पाडून ओव्हनमध्ये भाजलेलं.

यादी वाचल्यावर पहिली चूक मलाच दिसली. मी ‘नाचणीच्या काड्या’ लिहिलं होतं आणि सगळ्यात जास्त होता तांदूळ. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे मागची बाजू वाचणाऱ्याला हे लगेच दिसतं. वर नाचणीचं नाव मिरवायचं आणि मागे तांदूळ पहिला, हे पाहिल्यावर तो पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. ‘तांदूळ आणि नाचणीच्या काड्या’ लिहिलं आणि प्रश्न मिटला. ब्रँडवाले थोडे कुरकुरले, पण कुरकुरीतपणा तांदळामुळेच आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

हीच मेख कॅल्शियमच्या वाक्यात असते. ‘नाचणीत भरपूर कॅल्शियम असतं’ हे नाचणीबद्दल खरं आहे, 100 ग्रॅम दाण्यात साधारण 350 मिलिग्रॅम. पण पाकीट 40 ग्रॅमचं आणि नाचणी त्याच्या एक तृतीयांशाहून कमी. म्हणजे नाचणीतून येणारं कॅल्शियम ढोबळमानाने 45 मिलिग्रॅम. धान्याबद्दलचं खरं वाक्य खाऊला चिकटवलं की ते दिशाभूल करतं. फायबरचंही तसंच. ‘फायबरचा स्रोत’ म्हणायला 100 ग्रॅम तयार पदार्थात किमान 3 ग्रॅम फायबर लागतं आणि ‘भरपूर’ म्हणायला 6. ते तयार काड्यांच्या तपासणीत दिसायला हवं, आणि मुळात आपल्याला तो दावा करायचाच नाही.

‘तळलेल्या नाहीत’ या शब्दांवर आमचा बराच वाद झाला. भाजणं ही कृती आहे, ती सांगायला हरकत नाही. पण नकारात सांगितलं की वाचणाऱ्याच्या मनात ‘म्हणजे तेल नाही’ असं पुढचं वाक्य तयार होतं, आणि इथे तर 14 टक्के तेल आहे. ‘ओव्हनमध्ये भाजलेल्या’ म्हटलं की कृती कळते आणि भाजकी चवही डोळ्यासमोर येते. तेलही ‘शुद्ध तेल’ नाही, शेंगदाणा तेलच लिहायचं. त्याचा वास काडीत खरोखर येतो, आणि शेंगदाणा न चालणाऱ्याला ते कळायलाच हवं. मैद्याचा उल्लेख मी सरळ उडवला. त्यात काय आहे ते नीट सांगितलं की काय नाही ते आपोआप कळतं.

मग चवीकडे वळलो. नाचणी भाजली की तिला खमंग, जराशी मातकट चव येते आणि शेवटी किंचित कडसर लागते. हे लपवायची घाई करू नका. ज्याला नाचणी आवडते तो याचसाठी घेतो, ज्याला आवडत नाही तो निदान फसत नाही. रंगाचीही गंमत आहे. काड्या तपकिरी दिसतात आणि फोटो पाहून लोकांना त्या चॉकलेटच्या वाटतात. मुलांसाठी म्हणून मागवून नंतर तक्रार करणारे भेटले, तेव्हा रंगाची एक ओळ कॅप्शनमध्ये घातली आणि सगळ्यांना आवडलेली ओळ तीच ठरली. शेवटी असं झालं:

‘रंग चॉकलेटी, चव तिखट. तांदूळ आणि नाचणीच्या काड्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या. आधी लसूण लागतो, मग तिखट, आणि ओवा सगळ्यात शेवटी. नाचणीचा खमंग कडसरपणा जिभेवर थोडा रेंगाळतो. गळून पडलेले तीळ पाकिटाच्या तळाशी सापडतील. घटक: तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ (32 टक्के), शेंगदाणा तेल, हरभरा डाळीचं पीठ, तीळ, लाल तिखट, लसूण, मीठ, ओवा.’

पोस्टमध्ये दोन ओळींनंतरचा मजकूर दुमडला जातो, म्हणून रंग-चवीची ओळ वर आणि घटक खाली. फोटोत शेजारी मोजपट्टी किंवा डंबेल ठेवलं असेल तर कॅप्शनची सगळी मेहनत वाया, तेवढं फोटो काढणाऱ्याला आधीच सांगा.

एवढं करूनही दावा पुन्हा शिरतो तो कमेंटमधून. ‘माझ्या आईला शुगर आहे, चालेल का?’ असं कोणी विचारतं आणि पेज सांभाळणारी व्यक्ती चांगुलपणाने ‘हो ताई, नक्की चालेल 😊’ असं लिहून मोकळी होते. कॅप्शनमधून काढलेला दावा खाली ब्रँडच्याच नावाने छापला गेला. अशा प्रश्नांसाठी उत्तर आधीच लिहून ठेवावं. आमचं असं आहे: ‘ताई, यात सगळ्यात जास्त तांदळाचं पीठ आहे, पूर्ण यादी वर दिली आहे. आईंना चालेल का हे आम्ही सांगू शकत नाही, ही यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.’