‘लायसन आहे’ एवढंच लिहू नका: बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियनचा अर्ज करताना या चुका टाळा

उजळाईवाडीकडच्या आमच्या साइटवर दोन इलेक्ट्रिशियन हवे होते. आठवडाभर मोबाइलवर अर्ज येत होते आणि बहुतेकांत तीच तीन वाक्यं: ‘सर्व प्रकारचे वायरिंग येते. सेफ्टीची पूर्ण माहिती आहे. लायसन आहे.’ कागलकडच्या एका पोराचा अर्जही असाच होता. मी तो बाजूला टाकला होता. मग आमच्याच जुन्या वायरमननं सांगितलं, ‘पोरगं हाताला चांगलं हाय, एकदा फोन तरी करा.’ म्हणून फोन केला.

‘लायसन कुणाच्या नावावर हाय?’
‘आमच्या मालकांच्या, साहेब.’

घोळ इथूनच सुरू होतो. ‘लायसन’ हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या कागदांना वापरतो. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं सर्टिफिकेट म्हणजे शिक्षण. वायरमन परमिट, म्हणजे सरकारी भाषेतला तारतंत्री परवाना, म्हणजे वायरिंगला हात लावायची परवानगी. सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेला माणूस त्या कामावर देखरेख करतो. आणि कॉन्ट्रॅक्टर लायसन असलेली व्यक्ती किंवा फर्म काम अंगावर घेते. आयटीआय सोडून बाकीचे तिन्ही कागद राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात.

कंपनी यावर अडून का बसते? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे नव्या इमारतीचं वायरिंग लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या थेट देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडून करून घ्यायचं असतं. बल्ब, पंखा, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं यातून वगळली आहेत. पुढे महावितरणकडून मीटर घेताना कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. सही करणाऱ्याला हाताखाली कोण काम करत होतं हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मालकाच्या लायसनची झेरॉक्स तुमच्या अर्जाला जोडली तर आम्हाला तिचा काहीच उपयोग नाही. त्या कागदावरून फक्त तुमचे मालक कायदेशीर काम करतात एवढं कळतं.

कागदांची ओळ अर्जात अशी यावी: ‘वायरमन परमिट, क्रमांक अमुक, माझ्या नावावर, अमुक तारखेपर्यंत वैध.’ मुदत संपली असेल तर लपवू नका, नूतनीकरणाचा अर्ज भरल्याची पावती जोडा. तारीख अंगठ्याखाली झाकून काढलेला परमिटचा फोटो मला दरवर्षी एकदोनदा तरी येतो, आणि सगळ्यात आधी मी तोच अंगठा बघतो. परमिट अजून काढलंच नसेल तर सरळ लिहा: ‘आयटीआय इलेक्ट्रिशियन, परमिटसाठी अर्ज केला आहे, सध्या मदतनीस म्हणून चालेल.’ अशा पोरांना आम्ही घेतो. ‘लायसन आहे’ म्हणून आत आलेल्याचं खरं तिसऱ्या दिवशी कळलं तर मात्र त्याला परत पाठवावं लागतं.

कागलच्या पोराकडं नंतर निघालं काय? कळंब्याच्या आयटीआयचं सर्टिफिकेट आणि स्वतःच्या नावचं चालू परमिट. दोन्ही घरी ट्रंकेत. त्याला वाटलं होतं, मालकाचा कागद मोठा, म्हणून तोच लावावा.

दुसरी चूक ‘सर्व प्रकारचे वायरिंग’ या वाक्याची. ते वाचून मला एवढंच कळतं की नेमकं काय येतं हे लिहायचा कंटाळा आला. बांधकाम साइटवर वायरिंग टप्प्याटप्प्यानं होतं आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा हात लागतो. स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आत पाइप आणि फॅन बॉक्स टाकायचे, तेही व्हायब्रेटरच्या धक्क्यानं सुटणार नाहीत असे. मग भिंतीला झिरी, बॉक्स बसवणं, प्लास्टरनंतर वायर ओढणं, मग डीबी, शेवटी टेस्टिंग. तुम्ही यातलं कुठलं किती केलं, ते सांगा. वायर ओढायला पटाईत पण डीबी कधी न उघडलेला माणूस असतो, आणि त्यालाही काम असतं.

सगळ्यात वजन पडतं ते तुम्ही स्वतः शोधलेल्या एका फॉल्टचं. त्या पोराला मी विचारलं, एखादा त्रासदायक फॉल्ट सांग. त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

नव्या फ्लॅटमध्ये दोन आरसीसीबी होत्या, एक लाइटला, एक पॉवरला, दोन्ही ३० मिलीअँपिअरच्या. एखादा दिवा लावला तर कधीकधी काही नाही, पण दोनतीन दिवे लागले की आरसीसीबी पडायची. सगळे म्हणाले, भिंत ओली आहे, वाळू दे. यानं मेन बंद करून दिवे काढले, आरसीसीबीपासून वायरी सोडवल्या आणि ५०० व्होल्टचा मेगर लावला. फेज ते अर्थ चांगलं, न्यूट्रल ते अर्थही चांगलं. किमान १ मेगाओम लागतो, इथं रीडिंग त्याच्या कितीतरी वर होतं. म्हणजे ओल नव्हे.

मग त्यानं मीटरची एक पिन लाइटच्या न्यूट्रल पट्टीवर आणि दुसरी पॉवरच्या न्यूट्रल पट्टीवर ठेवली. मीटर वाजला. दोन्ही न्यूट्रल कुठंतरी एकमेकांना भेटले होते. पट्टीवरची एकेक वायर सोडत गेला, एक सोडल्यावर आवाज थांबला. ती वायर हॉलमधल्या बोर्डाची. बोर्ड उघडला तर लाइटचा आणि प्लगचा न्यूट्रल एकत्र पिळून वर टेप मारलेला. दिव्याचा करंट एका आरसीसीबीतून जाऊन थोडा दुसरीतून परत येत होता, म्हणून दोघींनाही गळती दिसायची. ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलीअँपिअर घेतो. न्यूट्रल दोन वाटांनी निम्मा निम्मा फुटला तर एका दिव्याला २० च्या आसपास फरक दिसतो. आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठंही पडू शकते, म्हणून एका दिव्यावर ती कधी टिकते, पण दिवे वाढले की हमखास पडते.

हे सगळं अर्जात कुठं होतं? कुठंच नाही. ‘सर्व प्रकारचे वायरिंग येते’ या चार शब्दांखाली गाडलेलं. मी त्याला त्याच्याच तोंडचं असं लिहायला लावलं:

‘कसबा बावड्यात पाच मजली इमारतीत २० फ्लॅट, मे २०२३ ते जून २०२४. स्लॅबचं पायपिंग, झिरी, वायर ओढणे (दिव्यांना दीडची, प्लगला अडीचची, गिझर-एसीला चारची), डीबी जोडणी. प्रत्येक फ्लॅटचं मेगर टेस्टिंग सुपरवायझरसोबत केलं. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एका बोर्डात जोडले गेल्यानं होणारं ट्रिपिंग शोधून दुरुस्त केलं. थ्री फेज पॅनेलचं काम स्वतः केलेलं नाही, मदतनीस म्हणून पाहिलं आहे.’

शेवटचं वाक्य खोडायचा त्यानं खूप हट्ट केला. मी खोडू दिलं नाही. त्या वाक्यामुळं वरची सगळी वाक्यं खरी वाटतात.

आता सेफ्टी. इथं लोक नको तिथं बढाई मारतात. ‘चालू लाइनवर काम करण्याचा अनुभव’ असं कौशल्य म्हणून लिहिणारे बरेच भेटतात. घरगुती दुरुस्तीत गिऱ्हाईक त्यावर खूश होत असेल, बांधकाम कंपनीत मात्र अर्ज तिथंच संपतो. उद्या साइटवर काही झालं तर पोलीस आणि विद्युत निरीक्षक दोघांच्या प्रश्नांना आम्हाला उत्तर द्यायचं असतं.

त्याच्या उलट ‘सेफ्टीची काळजी घेतो’ हेही पोकळच. तुम्ही रोज काय करता ते लिहा. वाचणाऱ्याला तुमचे हात दिसले पाहिजेत: ‘काम करण्याआधी एमसीबी बंद करून डीबीला कुलूप लावतो, किल्ली माझ्या खिशात असते, बाहेर पाटी लावतो. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासतो, मग कामाच्या वायरवर, मग परत चालू लाइनवर.’ तिसरी तपासणी लिहिणारा माणूस मी लगेच ओळखतो. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तो चालू वायरलाही ‘बंद’ म्हणेल, हे त्याला माहीत असतं.

टेम्पररी सप्लायबद्दलही एखादं वाक्य हवं. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको, आणि त्याच चिखलातून बार कटिंग मशीनची, व्हायब्रेटरची केबल गेलेली असते. ‘सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टेम्पररी डीबीच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो, केबल जमिनीवरून उचलून टांगतो, सॉकेटमध्ये उघड्या वायरी काडी खोचून बसवलेल्या दिसल्या तर काढून प्लग लावतो’ एवढं पुरे. टेस्ट बटणानं फक्त आरसीसीबी पडते की नाही हे कळतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही ते नाही. मुलाखतीत हा फरक हमखास विचारला जातो.

फोटोंचं एक सांगायचं राहिलं. डीबी छान बांधलेली दाखवायला पोरं फोटो पाठवतात आणि त्याच फोटोत पायात चप्पल, शेजारी पाण्याची बादली, अॅल्युमिनियमची शिडी. डीबीच्या आधी माझं लक्ष पायांकडं जातं. फोटो पाठवाच, पण बूट-हेल्मेट घालून, सप्लाय बंद ठेवून काढलेला, हिरवी अर्थ वायर स्पष्ट दिसेल असा. वायरींवर सर्किटचे नंबर असतील तर फारच छान. जुन्या मालकाच्या साइटची पाटी किंवा बाकी कामगारांचे चेहरे त्यात नकोत.

बाकी किरकोळ. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये पाठवा, आठ वेगळ्या फोटोंत नको. जुन्या ठेकेदाराचा अनुभव दाखला घेताना त्यात तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या, नुसतं ‘चांगला मुलगा आहे’ चालत नाही. पीएफचा यूएएन असेल तर तो टाका. लागणारा मोबाइल नंबर द्या. मागच्या महिन्यात दोघांचे फोन बंद लागले.

कागलचं पोरगं सोमवारी ट्रायलला आलं. मी त्याला एक टेस्ट बोर्ड दिला आणि म्हटलं, यातला स्विच बदल. त्यानं आधी बोर्डाचा सप्लाय कुठून येतो ते विचारलं, जाऊन एमसीबी पाडली, मग खिशात कुलूप शोधायला लागला. कुलूप आणायचं विसरला होता. खाली गेला, गेटवरच्या वॉचमनकडून सायकलचं कुलूप मागून आणलं आणि डीबीला लावलं. स्विच मग दोन मिनिटांत बदलला.